मंडईतल्या पथारीवाल्यांचा अभ्यास: अंदाजपत्रकातले आकडे कुठून काढायचे आणि समर्थन कसं लिहायचं

प्रश्न: आम्ही समाजशास्त्र एम.ए.चे सहा विद्यार्थी पुण्यात मंडईच्या आसपास रस्त्यावर बसणाऱ्या भाजी-फळविक्रेत्यांचा छोटा अभ्यास करणार आहोत. विद्यार्थी संशोधन योजनेतून जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळू शकतात. अर्जात 'अंदाजपत्रक व समर्थन' असा भाग आहे. आम्ही प्रवास, छपाई, इतर असे आकडे टाकले, तर गाईड विचारतात, समर्थन कुठे आहे? ते नेमकं कसं लिहायचं? आणि विक्रेत्यांना पैसे देणं दाखवायचं की नाही?

उत्तर:

आकड्यांचा कागद तूर्त बाजूला ठेवा आणि मंडईचा दिवस कागदावर मांडा. तुमचं सगळं अंदाजपत्रक त्यातूनच निघणार आहे. बाहेर पथारी टाकणारे बहुतेक भाजीवाले पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल उचलतात आणि टेम्पोने आणतात. सकाळी मांडामांड आणि गिऱ्हाईक, संध्याकाळी पाचनंतर पुन्हा गर्दी, ती रात्री नऊपर्यंत. मधे दुपारी दीड ते साडेचार एवढाच वेळ त्यांच्याशी बोलता येतं, आणि तेव्हाही त्यांचे हात मोकळे नसतात: मेथी निवडणं, जुड्या बांधणं, पाणी मारणं चालूच असतं. गिऱ्हाईक आलं की तुमचा प्रश्न थांबतो, आणि तो थांबलाच पाहिजे. खोलीत अर्ध्या तासात होणारी प्रश्नावली तिथे एक तास घेते. मुलाखतीआधी ओळख, माहिती सांगणं, संमती हेही आलंच. म्हणून दोघांच्या एका जोडीच्या एका दुपारी दोन मुलाखती पूर्ण होतात. तीन झाल्या तर ती चांगली दुपार समजा, पण तीन धरून हिशेब करू नका.

बहुतेक अर्ज इथेच घसरतात. विद्यार्थी 'रोज प्रत्येकी पाच मुलाखती' असं लिहितात आणि त्यावर प्रवासखर्च काढतात. छाननी समितीत ज्यांनी स्वतः बाजारात बसून काम केलं आहे, त्यांना तो आकडा वाचताच कळतं की या मुलांनी जागा पाहिलेली नाही. मग उरलेल्या प्रत्येक आकड्याकडे ते संशयाने बघतात. उलट 'जोडीला दुपारी दोन मुलाखती, कारण विक्रेता दुपारी दीड ते साडेचार याच वेळात बोलू शकतो' एवढं एक वाक्य असलं तर दिवसांची संख्या, बसचा खर्च आणि नमुन्याचा आकार या तिन्हींचं समर्थन एकदम होतं.

तुमच्या सहा जणांच्या तीन जोड्या करा. दोघं का, हेही लिहा: एक बोलतो, दुसरा लिहितो, आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली तर दोघंही बाजूला होऊन वाट बघतात. तीन जोड्या, दुपारी दोन मुलाखती, म्हणजे दिवसाला सहा. साठ विक्रेत्यांशी छोटी मुलाखत करायची तर दहा दिवस. त्या साठांमधल्या बारा जणांशी सविस्तर बोलायचं (कर्ज, जागेचा इतिहास, घरचं कोण मदतीला बसतं) तर दीड तास लागतो. तेव्हा जोडीला दिवसाला एकच, म्हणजे चार दिवस. त्याआधी प्रश्नावली तपासायला चाचणीचा एक दिवस.

आणि या सगळ्याच्या आधी मोजणीचे दोन दिवस. हे दोन दिवस तुमच्या अर्जात नसणार अशी माझी खात्री आहे, कारण ते जवळजवळ कोणाच्याच अर्जात नसतात. साठ जण निवडायचे तर कशातून? २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार महापालिकेच्या नगर पथविक्रेता समितीने सर्वेक्षण करायचं असतं आणि विक्री प्रमाणपत्रं द्यायची असतात, त्यामुळे पालिकेकडे यादी असते. पण यादीतलं नाव आणि त्या जागेवर प्रत्यक्ष बसलेलं माणूस एकच असेल असं नाही. प्रमाणपत्र नसलेले तर यादीत येतच नाहीत, आणि तुमच्या अभ्यासात त्यांनाच वगळलं तर अभ्यासाला अर्थ उरणार नाही. म्हणून ठरवलेल्या गल्ल्यांमधून एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळ-दुपार-रात्र अशा तीन फेऱ्या मारून कोण कुठे बसतं याचा नकाशा करायचा. सकाळचा पथारीवाला आणि संध्याकाळी त्याच जागेवर लागणारी हातगाडी ही दोन वेगळी माणसं असतात, हे एका फेरीत दिसत नाही. या नकाशावरून ठरावीक अंतराने एकेक विक्रेता निवडा. समर्थनात लिहा: 'उपलब्ध यादी अपुरी असल्याने नमुना निवडीसाठी स्वतंत्र मोजणी आवश्यक.'

तारखाही अर्जात घाला. अनुदान मार्चअखेर खर्ची टाकायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी हाच काळ हाती राहतो. त्यात संक्रांतीआधीचे दोन-तीन दिवस पूर्ण सोडा. भोगीच्या भाजीचा, सुगडांचा, वाणाच्या सामानाचा बाजार तेव्हा भरलेला असतो. कोणाला मान वर करायला वेळ नसतो आणि एरवी न बसणारे अनेक जण तेवढ्यापुरते येऊन बसतात, म्हणजे मोजणीही फुगते. संक्रांत उलटल्यावर सुरुवात करा.

पहाटेचा मार्केट यार्ड वगळू नका. विक्रेता कोणत्या भावाने आणि कोणाकडून माल उचलतो, रोख की उधार, टेम्पोचं भाडं किती जणांत वाटतं, हे दुपारच्या मुलाखतीत तोंडी कळतं. पण पहाटे सोबत गेल्यावर जे दिसतं ते वेगळं असतं. तीन पहाटा पुरेत. प्रत्येक वेळी चार विद्यार्थी, दोन विक्रेत्यांबरोबर. त्यांतली एक रविवारची ठेवा, कारण त्या दिवशी आवक मोठी असते, आणि यार्डाच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या.

आता हे रुपयांत मांडलं की तुमच्यासाठी मी केलेला हिशेब असा दिसतो. दर नमुन्यादाखल आहेत. अर्ज भरताना प्रत्येक दर त्या आठवड्यात विचारून घाला.

| बाब | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| बसप्रवास | ११४ विद्यार्थी-दिवस × ७० (दिवसाचा पास) | ७,९८० |
| रिक्षा | ३ पहाटा × २ रिक्षा × २००. मोजणीच्या २ रात्री × ३ रिक्षा × १५० | २,१०० |
| विक्रेत्यांच्या वेळेची भरपाई | ६६ × १००. १२ × २५०. ६ × १५० | १०,५०० |
| संमतीपत्रं, प्रश्नावली, वह्या, पॅड, ओळखपत्रं | सोबतच्या तपशिलानुसार | २,०८० |
| ध्वनिमुद्रण | ३ कॉलर माइक × ७००. २ पेन ड्राइव्ह × ५०० | ३,१०० |
| मुलाखती ऐकून टाइप करणं | १५ तास × ७०० | १०,५०० |
| प्रशिक्षणाचा एक दिवस | मार्गदर्शक मानधन १,५००. जेवण ८ × १२० | २,४६० |
| निष्कर्ष विक्रेत्यांपर्यंत नेणं | पत्रक १५० × १४. सभेचा चहा-नाश्ता ५० × ३० | ३,६०० |
| अहवाल छपाई व बांधणी | ४ प्रती × ३५० | १,४०० |
| आकस्मिक | २ जादा दिवस × ६ × ७०. ६ बदली मुलाखती × १०० | १,४४० |
| एकूण | | ४५,१६० |

११४ कुठून आले, हे समितीतलं कोणीतरी हमखास पडताळतं, म्हणून तेही उलगडून द्या: मोजणी १२, चाचणी ६, मुख्य मुलाखती ६०, सविस्तर मुलाखती २४, पहाटेची निरीक्षणं १२. हे आकडे तुमच्या अभ्यासपद्धतीच्या भागाशी तंतोतंत जुळले पाहिजेत. पद्धतीत साठ मुलाखती आणि अंदाजपत्रकात पंच्याहत्तर, असं मी कितीतरी अर्जांत पाहिलं आहे. दोन भाग दोघांनी वेगवेगळे लिहिले आणि शेवटी चिकटवले की हे होतं. सादर करण्याआधी एकाने पद्धत वाचून दाखवायची आणि दुसऱ्याने अंदाजपत्रकावर बोट ठेवून प्रत्येक संख्या तपासायची.

एकूण ४५ हजार येतात, ५० नाहीत. ते तसेच राहू द्या. मर्यादा ५० हजार आहे म्हणून आकडा ४९,९९० वर नेऊन ठेवलेला अर्ज वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. मर्यादेपेक्षा कमी मागितल्याने कोणी गुण कापत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि मला यावर जास्त बोलायचं आहे. विक्रेत्यांच्या वेळेचे पैसे दाखवा. टाळू नका, 'इतर'मध्ये लपवू नका, स्वतंत्र ओळीत लिहा.

विद्यार्थी अभ्यासांच्या अर्जांत या ओळीवर सहसा शून्य असतं. पहाटेपासून कामाला लागलेल्या माणसाची दुपारची मोकळीक तुम्ही घेता. त्या तासात त्याची मेथी निवडायची राहते, एखादं गिऱ्हाईक बोलणं चाललंय म्हणून पुढे जातं. टाइप करणाऱ्याच्या तासाला पैसे, मार्गदर्शकाच्या तासाला मानधन, आणि ज्याच्या आयुष्यावर अभ्यास उभा आहे त्याचा तास तेवढा फुकट, हे मला पटत नाही. यावर आक्षेप असा येतो की पैसे दिले तर लोक तुम्हाला हवं ते सांगतात. आक्षेप खरा आहे, पण त्याचा संबंध रकमेशी आणि ती देण्याच्या रीतीशी आहे. रक्कम एवढी हवी की दुपारच्या तासाचं नुकसान भरून निघेल, आणि एवढी नको की केवळ तिच्यासाठी कोणी बोलायला बसेल. ती ठरवायची तर अर्ज लिहिण्याआधी मंडईत जाऊन चार-पाच विक्रेत्यांना विचारा की दुपारच्या तासाला साधारण काय सुटतं, आणि तासभर दुसऱ्याला पथारीवर बसवलं तर त्याला काय द्यावं लागतं. पथारीवाल्यांच्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनाही विचारा. मी वर १०० धरले आहेत. तुम्हाला कळलेला आकडा वेगळा असेल तर तो घाला आणि कसा कळला ते लिहा.

देण्याची रीत अशी ठेवा. रक्कम किती आणि कधी मिळणार हे संमती घेतानाच सांगायचं, संमतीपत्रातही लिहायचं. माणूस मधेच उठला, गिऱ्हाईक वाढलं म्हणून अर्धी मुलाखत राहिली, तरी पूर्ण रक्कम द्यायची. नाहीतर पैशांसाठी त्याला शेवटपर्यंत बसावं लागतं आणि संमतीला अर्थ राहत नाही. पाकिटात द्या, हातावर नोट ठेवू नका. शेजारची पथारी हे बघत असते. 'माझी मुलाखत का नाही?' असं ती मावशी विचारणारच. नकाशावरून ठरावीक अंतराने नावं निघाली, हे तिला सरळ शब्दांत सांगता आलं पाहिजे. त्याचा सराव प्रशिक्षणाच्या दिवशीच करा.

पैशांऐवजी तिच्याकडून भाजीच विकत घेऊ, असा पर्याय विद्यार्थी हौसेने सुचवतात. तो चांगला नाही. तिथे भाव ठरवण्याचं नातं सुरू होतं, बिल मिळत नाही, आणि हिशेब तपासणीत 'संशोधनासाठी वांगी' ही नोंद टिकत नाही.

खरी अडचण पावतीची आहे. हिशेब विभागाला नाव, सही, फोन नंबर हवा असतो. विक्रेत्याला नेमकी याचीच धास्ती असते, विशेषतः प्रमाणपत्र नसलेल्याला. कागदावर सही म्हटली की त्याच्या डोळ्यासमोर अतिक्रमणची गाडी येते. तुम्ही संमतीपत्रात 'तुमचं नाव कुठेही येणार नाही' असं वचन देता आणि त्याच दुपारी नाव-सहीची पावती घेऊन महाविद्यालयाच्या फायलीत लावता, तर वचन तिथेच मोडलं.

यावर वाट आहे, पण ती अर्ज देण्याआधी मोकळी करून घ्यावी लागते. पावतीवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालायचा, समजा म-२७. तारीख, रक्कम, 'मुलाखतीच्या वेळेची भरपाई' एवढी नोंद, पैसे देणाऱ्या विद्यार्थ्याची सही आणि जोडीतल्या दुसऱ्याची साक्षीदार म्हणून सही. सगळ्या पावत्यांवर मिळून गाईडचं एक प्रमाणपत्र. क्रमांक कोणत्या पथारीचा, हे दाखवणारी वही गाईडच्या कुलपात, आणि अभ्यास संपला की ती नष्ट करायची. ही पद्धत हिशेब विभागाला दाखवून त्यांची लेखी मान्यता घ्या आणि तिची प्रत अर्जाला जोडा. रेव्हेन्यू स्टॅम्प लागेल का, असं कोणीतरी विचारेल. तो पाच हजारांवरच्या पावतीला लागतो, इथे प्रश्नच येत नाही.

हल्ली प्रत्येक पथारीवर क्यूआर कोड असतो, तेव्हा यूपीआयने पाठवणं सोपं वाटतं. पाठवू नका. तुमच्या बँक विवरणात विक्रेत्याचं नाव उमटतं आणि ते विवरण हिशेबासोबत जोडावं लागतं. रोखच द्या, आणि रोखीसाठी गाईडच्या नावाने उचल मिळेल का, किती आधी अर्ज करावा लागेल, हे आत्ताच विचारून ठेवा. नाहीतर अनुदान महाविद्यालयाच्या खात्यात पडून राहतं आणि मुलं पदरचे पैसे घालून मुलाखती करत बसतात.

हे सगळं समर्थनाच्या भागात किती जागेत मांडायचं, त्याचा नमुना देते:

'विक्रेत्यांच्या वेळेची भरपाई (१०,५०० रु.): चाचणीच्या ६ व मुख्य ६० मुलाखतींसाठी प्रत्येकी १०० रु., १२ सविस्तर मुलाखतींसाठी प्रत्येकी २५० रु. आणि पहाटेच्या निरीक्षणात सोबत येऊ देणाऱ्या ६ विक्रेत्यांना प्रत्येकी १५० रु. मुलाखती विक्रीच्या वेळेत होत असल्याने विक्रेत्याच्या उत्पन्नाचं प्रत्यक्ष नुकसान होतं. दर विक्रेत्यांशी केलेल्या पूर्वचर्चेवरून ठरवला आहे. रक्कम मुलाखत अपूर्ण राहिली तरी दिली जाईल. सहभागींची ओळख गोपनीय राहावी म्हणून सांकेतिक क्रमांकाच्या पावत्या वापरल्या जातील. हिशेब विभागाची मान्यता सोबत जोडली आहे.'

एवढं पुरतं. यात कुठेही 'असंघटित क्षेत्र अर्थव्यवस्थेचा कणा आहे' असं वाक्य नाही, आणि ते तुमच्याही समर्थनात नको. ते प्रस्तावनेत एकदा येऊन गेलेलं असतं. समर्थनाने फक्त तीन गोष्टी सांगायच्या: ही बाब पद्धतीतल्या कोणत्या कामासाठी, संख्या कशी आली, दर कुठून घेतला.

रिक्षाच्या ओळीवर प्रश्न येईलच, कारण विद्यार्थ्यांनी बसने जावं अशी अपेक्षा असते. 'सोयीसाठी' हा शब्द लिहिलात तर ती रक्कम कापली गेली समजा. असं लिहा: 'मार्केट यार्डातील खरेदी पहाटे होते व त्या वेळी बससेवा उपलब्ध नसते, म्हणून जातानाचा प्रवास रिक्षाने, परतीचा बसने. मोजणीची शेवटची फेरी रात्री नऊनंतर संपत असल्याने विद्यार्थी-विद्यार्थिनींना सुरक्षित पोहोचवण्यासाठी त्या दोन रात्री रिक्षा.' कारण कामाच्या वेळेत आहे हे दिसलं की कोणी हात लावत नाही. रिक्षावाला बिल देत नाही, त्यामुळे तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, कारण आणि सही असा एक तक्ता आधीच छापून ठेवा आणि त्याच दिवशी भरा. महिन्याने आठवून भरलेला तक्ता एका शाईत, एका हाताने लिहिलेला असतो, आणि ते तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

टाइपिंगचे साडेदहा हजार ही भरपाईइतकीच मोठी रक्कम आहे, तेव्हा तिचंही नीट समर्थन हवं. मंडईतल्या ध्वनिमुद्रणात टेम्पोचे हॉर्न, शेजारच्याची आरोळी आणि मधेच गिऱ्हाइकाशी घासाघीस असं सगळं मिसळलेलं असतं. अशा एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास जातात. बारा मुलाखती, प्रत्येकी सुमारे सव्वा तास मुद्रण, म्हणजे पंधरा तास, आणि टाइप करणाऱ्याचं पाऊणशे ते नव्वद तासांचं काम. म्हणूनच साठही मुलाखती मुद्रित करायच्या नाहीत, बाराच. हे कारण स्पष्ट लिहा, कारण त्यातून तुम्ही नमुन्याचा आकार खर्चाशी ताडून पाहिला आहे हे दिसतं. दोन टाइपिंगवाल्यांचे लेखी दर घेऊन जोडा. बाहेरची व्यक्ती मुद्रण ऐकणार, म्हणून तिच्याकडून गोपनीयतेचं हमीपत्र घ्यावं लागेल, तेही नमूद करा. हेच काम तुम्ही स्वतः करून स्वतःला मानधन घ्यायचं म्हणाल तर बहुतेक विद्यार्थी योजनांत ते चालत नाही. नियमावली बघा.

कॉलर माइक याच गोंगाटासाठी. सातशेचा माइक विक्रेत्याच्या पदराला किंवा कॉलरला लावला की टाइप करणाऱ्याचं काम बरंच हलकं होतं. वेगळा रेकॉर्डर मागू नका, फोन पुरतो. कॅमेरा, लॅपटॉप, महागडं सांख्यिकी सॉफ्टवेअर हेही नको. साठ मुलाखतींचं विश्लेषण मोफत साधनांत होतं, आणि फोनवर प्रश्नावली भरायला कोबोटूलबॉक्ससारखं साधन आहे. तरी कागदी प्रती छापाच. उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, आणि फोनवर काहीतरी भरणारा माणूस पालिकेकडून आलाय असा समज व्हायला वेळ लागत नाही. कागद समोर धरून दाखवता येतो. संमतीपत्राची अक्षरं मोठी ठेवा, मजकूर एका पानात संपवा.

प्रशिक्षणाच्या दिवसाचं मानधन एखाद्या प्राध्यापकासाठी ठेवू नका. ते जुन्या पथारीवाल्या कार्यकर्त्याला द्या. कारवाई आली की गल्लीत काय होतं, कोणता प्रश्न विचारला की माणूस मिटतो, 'जागा कोणाची?' हा प्रश्न पहिल्या भेटीत का विचारू नये, हे तुम्हाला तोच सांगू शकेल. समितीलाही हे वेगळं आणि पटणारं वाटतं.

'आकस्मिक खर्च: ५ टक्के' असं लिहिण्याची सवय सगळ्यांना आहे. टक्के लिहू नका, घटना लिहा. अतिक्रमणविरोधी कारवाई झाली की गल्ली दिवसभर रिकामी होते. पथाऱ्या दुसऱ्या दिवशी किंवा आणखी उशिरा परत लागतात आणि त्या आठवड्यात कोणी अनोळखी माणसाशी बोलत नाही. अशा वेळी तुमचे दोन दिवस वाया जातील आणि निवडलेल्यांपैकी काही जण सापडणार नाहीत, त्यांच्या बदल्यात दुसरे घ्यावे लागतील. तोच हिशेब वर १,४४० रुपयांत केला आहे. अशी आकस्मिक ओळ सहसा मंजूर होते, कारण ती कशासाठी आहे हे वाचताना दिसतं. खर्च झाला नाही तर रक्कम परत करू, हेही एका वाक्यात लिहा.

विक्रेत्यांसाठीचं पत्रक आणि सभा यांचे ३,६०० रुपये काहींना जास्तीचे वाटतील. पत्रकात काय असेल ते सांगितलं की शंका उरत नाही: चार पानी, मराठी, किती जणांकडे प्रमाणपत्र आहे, माल आणण्याचा खर्च दिवसाच्या विक्रीत किती, उधारी कोणाची. सभा संघटनेच्या मदतीने दुपारीच ठेवा, जागा महाविद्यालयाची वापरा आणि जागेचं भाडं शून्य दाखवून 'संस्थेचा सहभाग' म्हणून नोंदवा. गाईडचा वेळ, संगणक, तुमचे स्वतःचे तास हेही त्याच शीर्षकाखाली रक्कम न मागता लिहा.

मंजुरीत कपात होणं नेहमीचं आहे, तेव्हा काय सोडायचं हे आत्ताच ठरवून अर्जाच्या शेवटी दोन ओळींत द्या. माझा क्रम असा असेल: पाच हजारांच्या आसपास कपात झाली तर सविस्तर मुलाखती बाराऐवजी आठ. त्यात भरपाईचे १,०००, टाइपिंगचे ३,५०० आणि एका दिवसाच्या बसचे ४२० मिळून ४,९२० वाचतात. त्याहून जास्त कापलं तर छोट्या मुलाखती साठवरून अठ्ठेचाळीसवर आणायच्या. त्यात आणखी दोन हजार वाचतात. विक्रेत्याचा दर आणि मोजणीचे दोन दिवस कापायचे नाहीत. मोजणी गेली तर उरलेल्या अठ्ठेचाळीस मुलाखती कोणाच्या, हे सांगता येणार नाही. आणि दर शंभरावरून पन्नासवर आणला तर, 'नुकसान भरून देतो' हे तुम्हीच लिहिलेलं समर्थन खोटं ठरतं.

मंजुरीनंतरचं थोडं आत्ताच लक्षात ठेवा. एका शीर्षाखालचे पैसे दुसरीकडे वळवायचे तर बहुतेक योजनांत आधी लेखी परवानगी लागते. म्हणून शीर्षं फार बारीक पाडू नका: वह्या, पॅड, ओळखपत्रं यांना मिळून एकच ओळ ठेवली आहे ती याचसाठी, तपशील सोबतच्या पानावर. बसचे पास रोज संध्याकाळी तारखेच्या कोऱ्या कागदावर चिकटवा, मोबाइलवर काढले असतील तर त्याच दिवशी पडद्याचं चित्र घेऊन छापा. उपयोगिता प्रमाणपत्र शेवटी हिशेब विभागाच्या सही-शिक्क्यानेच जातं आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिथे उभं राहायला जागा नसते. तुमची मुलाखतींची दहावी दुपार फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपेल असं वेळापत्रक ठेवा. टाइपिंगला तीन आठवडे द्या, मार्चच्या पहिल्या आठवड्यात सभा घ्या आणि सगळ्या पावत्या १५ मार्चच्या आत हिशेब विभागात जमा करा.